ज्याचा फंड कापला जात नाही त्याने काय करावे?

आपल्या नांदेड, देगलूर, उदगीर भागातील पुष्कळ घरांतील एखादा तरी मुलगा आज हैद्राबादला आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून पोटासाठी हैद्राबाद गाठण्याची आपली वहिवाट आहे. पूर्वी मुले गिरणीत, छापखान्यात, रेल्वेत लागत. आता ती मोटारसायकल घेऊन माधापूर, गच्चीबावली, कुकटपल्ली या भागांत लोकांच्या घरी जेवण आणि सामान पोचवतात, किंवा भाड्याची टॅक्सी चालवतात. काम मोबाईलवर येते आणि पैसे आठवड्याच्या आठवड्याला बँकेत जमा होतात. गावातल्या ज्वारी-सोयाबीनच्या हिशोबाने पाहिले तर मिळकत वाईट नाही.

मागल्या खेपेस आम्ही हैद्राबादला गेलो असता अशाच चार-पाच जणांबरोबर बसलो होतो. त्यांच्यातील एकाचे वडील पूर्वी एका कारखान्यात होते. तो म्हणाला, "बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांचा फंड आला. त्यातून घरावर स्लॅब पडला, बहिणीचे लग्न झाले, आणि वर थोडी पेन्शन चालू आहे. मला साठाव्या वर्षी काय येणार?" यावर कोणी काही बोलले नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक होते. त्याच्या प्रश्नाचा आम्ही नीट हिशोब करून पाहिला, तो येथे देत आहोत. शेतकऱ्यालाही फंड नसतो, तेव्हा आपल्या वाचकांनाही तो उपयोगी पडेल.

वडिलांचा फंड मोठा का झाला हे आधी समजून घेतले पाहिजे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आहे. समजा, एखाद्या कामगाराचा फंडासाठी धरला जाणारा पगार १५,००० रुपये आहे. त्याच्या पगारातून शंभराला बारा या दराने १,८०० रुपये कापले जातात आणि मालक आपल्या खिशातून तेवढेच घालतो. मालकाच्या १,८०० पैकी १,२५० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० फंडात. म्हणजे महिन्याला एकूण ३,६०० रुपये त्याच्या म्हातारपणासाठी बाजूला पडतात. पण खरी किमया रकमेत नाही. पैसे हातात येण्याआधीच कापले जातात, निम्मे दुसरा घालतो आणि मधेच काढायला गेले तर अर्ज-कारणे द्यावी लागतात. त्या वडिलांना बचतीची शिस्त फार होती असे नाही; मोडण्याची सोय कमी होती एवढेच.

मोबाईलवर काम घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत यांतले काहीच नाही. सामाजिक सुरक्षेचा नवा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि त्यात अशा कामगारांचे नाव प्रथमच आले. काम देणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, मात्र कामगारांना दिलेल्या पैशाच्या पाच टक्क्यांहून अधिक नाही, सरकारी निधीत घालावी असे त्यात आहे. ही चांगली गोष्ट झाली. परंतु तो सर्वांसाठीचा निधी आहे, मुलाच्या नावाने दर महिन्याला वाढत जाणारे खाते नव्हे. त्याने ई-श्रमवर नाव नोंदवून ठेवावे; पण म्हातारपणाचा हिशोब त्यावर मांडू नये.

आता प्रत्यक्ष हिशोब. या तरुणाचे वय ३० आहे आणि महिन्याला त्याच्या खात्यात सुमारे २८,००० रुपये येतात. हीच आपली कमाई असे तो समजत होता. आम्ही त्याला वजाबाकी करायला लावली. पेट्रोल ६,०००. ऑइल, टायर, ब्रेक मिळून सरासरी १,२००. मोबाईलचे ३००. याच्यापुढे तो थांबला, पण मोटारसायकलची झीज राहिलीच होती. रोज शंभरावर किलोमीटर पळणारी गाडी पाच वर्षांत थकते. नवी लाखाला पडते, जुनीचे वीस-बावीस हजार येतात. म्हणजे पाच वर्षांत सुमारे ७८,००० रुपये गाडी खाते, महिन्याला १,३००. शेतकऱ्याला हे सांगायला नको. बैल म्हातारा होतो हे त्याला ठाऊक असते. एकूण ८,८०० वजा जाता खरी कमाई उरली १९,२०० रुपये.

गाडीच्या या खर्चावर आम्ही एवढा जोर देतो, याला कारण आहे. अशा मुलांची म्हातारपणाची बचत बहुधा दारू-जुगारात जात नाही, गाडीत जाते. इंजिन बसले, की हातात असलेली एकमेव पुंजी मोडली जाते, नाही तर कर्ज काढून नवी गाडी येते आणि हप्त्यापायी बचत बंद पडते. म्हणून गाडीचा पैसा वेगळा आणि म्हातारपणाचा वेगळा हे पहिले काम. गाडीसाठी त्याने दर आठवड्याला ३०० रुपये बाजूला काढून महिन्याला १,३०० पोस्टाच्या किंवा बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकावेत. पाच वर्षांत मुद्दलच ७८,००० होते. शिवाय आजारपण किंवा हात-पाय मोडणे यासाठी दोन महिन्यांचा तरी खर्च साध्या बचत खात्यात हवा. या तरुणाजवळ तसे ३०,००० रुपये होते. ज्याच्याजवळ नसतील त्याने आधी ते जमवावेत, तोपर्यंत पुढील मोठी रक्कम सुरू करू नये.

आता फंड. त्यासाठी आम्ही दर आठवड्याला ६०० रुपये धरले. पैसे आठवड्याला येतात, तेव्हा कपातही आठवड्यालाच हवी. महिनाअखेरीस उरेल ते टाकू असे म्हणणाऱ्याचे काही उरत नाही. ज्या दिवशी पैसे जमा होतात त्याच दिवशी ६०० रुपये दुसऱ्या एका बँक खात्यात वळते करावेत, आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड घेऊच नये. वर्षाचे ३१,२०० रुपये होतात. त्यांचे दोन भाग करावयाचे.

पहिला, लहान भाग अटल पेन्शन योजनेचा. ही योजना २०१५ साली सुरू झाली. वयाच्या १८ ते ४० वर्षांपर्यंत तिच्यात जाता येते. मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यास प्रवेश नाही. साठ वर्षांनंतर महिन्याला १,००० ते ५,००० पर्यंत ठरलेली पेन्शन मिळते आणि तिची हमी सरकारची असते. ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्यास महिन्याला ५७७ रुपये भरावे लागतात. अठराव्या वर्षी हेच २१० असतात आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. ज्यांची मुले अजून विशीत आहेत त्यांनी हे आकडे पाहून ठेवावेत. धन्याच्या मागे तीच पेन्शन पत्नीला मिळते आणि दोघांच्या मागे ठेवलेली रक्कम वारसाला. हप्ता बँकेतून आपोआप कापला जातो. त्या दिवशी खात्यात पैसे नसले तर राहिलेल्या हप्त्याच्या शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया जादा पडतो, म्हणून कापण्याची तारीख आठवड्याचे पैसे येण्याच्या दुसऱ्या दिवसाची मागून घ्यावी.

दुसरा, मोठा भाग महिन्याला २,००० रुपयांचा, तो सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे लोक ज्याला पी.पी.एफ. म्हणतात त्यात. हे खाते पोस्टात किंवा बँकेत निघते. हैद्राबादला अबिड्सच्या मोठ्या पोस्टात उघडले तरी पुढे ते नांदेडला किंवा दुसऱ्या बँकेत बदलून नेता येते, म्हणून गावी परतलो तर काय ही भीती नको. एका माणसाच्या नावे एकच खाते असते. वर्षाला निदान ५०० रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. ज्याची कमाई पावसासारखी कमी-जास्त होते त्याला ही सवड फार मोलाची आहे, कारण वाईट वर्षी ५०० भरून खाते जिवंत ठेवता येते. तेवढेही न भरल्यास खाते बंद पडते. मग चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि वर ५० रुपये दंड भरून ते पुन्हा चालू करावे लागते.

या खात्यातील व्याजाची एक खुबी पुष्कळांना ठाऊक नसते. महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचे व्याज धरतात. २,००० रुपये ६ तारखेला भरले तर त्या महिन्याचे त्यांवरील व्याज गेले. म्हणून दर महिन्याच्या २ किंवा ३ तारखेला पैसे भरावेत. गावाकडे सोयाबीनचे किंवा तुरीचे पैसे एकदम आले आणि त्यातले काही खात्यात टाकायचे झाले, तरी हाच नियम.

पैसे अडकतात का, असे तो तरुण विचारू लागला. अडकतात, आणि तेच हवे आहे. पण पूर्ण नाही. खाते उघडलेले वर्ष सोडून पाच वर्षे झाल्यावर वर्षातून एकदा थोडा भाग काढता येतो. तोही साधारण चार वर्षांपूर्वीच्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत. त्याआधी तिसऱ्या वर्षापासून जमेवर लहान कर्ज मिळते. आणखी एक गोष्ट आहे. सावकाराचे किंवा बँकेचे कर्ज थकले आणि कोर्टाचा हुकूमनामा निघाला, तरी या खात्यातील रकमेवर जप्ती आणता येत नाही. कर्जापायी सातबारा धोक्यात आलेली घरे आपण पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

या खात्याची मुदत १५ वर्षांची, पण ती उघडलेले आर्थिक वर्ष संपल्यावर मोजतात. म्हणजे हा तरुण पंचेचाळीस-शेहेचाळीस वर्षांचा असताना ती संपेल, आणि व्याजाचा दर आजचाच, ७.१ टक्के, राहिला असे धरले तर हातात सुमारे ६ लाख ३१ हजार रुपये येतील. भरलेले ३ लाख ६० हजार. हीच वेळ सर्वांत धोक्याची आहे. त्याच सुमारास मुलीचे लग्न असते, घर पडके असते, भाऊ विहिरीसाठी पैसे मागतो. येथे पैसा निघाला, की उरलेल्या पंधरा वर्षांत तो फंड पुन्हा उभा राहत नाही. कारण फंडाची खरी वाढ पुढच्याच काळात होते. खाते तसेच चालू ठेवून २,००० भरत गेले तर साठाव्या वर्षी सुमारे २४ लाख होतात. पहिल्या पंधरा वर्षांत सहा लाख आणि पुढच्या पंधरांत अठरा, हा फरक मुद्दाम पाहावा.

चालू ठेवण्यासाठीही एक कागद लागतो, आणि येथे शिकलेली माणसेसुद्धा चुकतात. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत फॉर्म ४ भरून द्यावा लागतो. मग खाते पाच वर्षांसाठी पैसे भरण्यासह वाढते. दर पाच वर्षांनी पुन्हा तोच फॉर्म. आपल्या तरुणाला साठीपर्यंत तो तीनदा भरावा लागेल. फॉर्म न देता कोणी पैसे भरतच राहिला, तर ते नियमबाह्य ठरतात आणि त्यांवर व्याज मिळत नाही. पासबुकात रक्कम दिसते म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते; चूक कळते ती पैसे काढायला गेल्यावर. मुदत संपण्याची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी.

२४ लाख ऐकून तो तरुण खूष झाला, पण हिशोब येथे सोडला तर आम्ही त्याला फसवल्यासारखे होईल. ते २४ लाख तीस वर्षांनंतरचे आहेत. महागाई दर वर्षी शंभराला पाच या बेताने वाढली असे धरले, तर आज शंभर रुपयांत येणारी वस्तू तेव्हा ४३२ रुपयांना पडेल. त्या भावाने २४ लाख म्हणजे आजचे साडेपाच लाख. अटल पेन्शनचे ५,००० म्हणजे आजचे साडेअकराशे, महिन्याचे तेल-मीठ आणि औषधे. सरकारची हमी आकड्याची असते, त्यात किती येईल याची नसते. व्याजदराचीही हमी नाही. १९८६ पासून १९९९ अखेरपर्यंत याच पी.पी.एफ.ला १२ टक्के मिळत होते. एप्रिल २०२० पासून ७.१ आहेत. सरकार दर तीन महिन्यांनी दर ठरवते.

यावर उपाय एकच, आणि नोकरदाराच्या फंडात तो आपोआप होतो. त्याचा पगार वाढला की कपातही वाढते. आपल्या मुलाने ते स्वतः करावे. दर एप्रिलमध्ये भरण्याची रक्कम शंभराला पाच रुपयांनी वाढवावी. पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी २,१००, तिसऱ्या वर्षी २,२०५. एवढ्या एका गोष्टीने साठाव्या वर्षीची रक्कम २४ लाखांवरून जवळजवळ साडेएकेचाळीस लाखांवर जाते. तिच्यावर सात टक्क्यांनी व्याज घेत राहिले आणि मुद्दलाला हात लावला नाही, तर महिन्याला सुमारे २४,००० येतील. आजच्या भावाने ते ५,६०० होतात. अटल पेन्शन धरून पावणेसात हजार. मात्र हे व्याजही वाढत नाही, तेव्हा सत्तरीनंतर दर वर्षी थोडे मुद्दल काढावे लागेल. गावात स्वतःचे घर आणि दोन एकर असेल तर नवरा-बायकोचे यात भागेल. हैद्राबादेत भाड्याने राहून भागणार नाही. ज्याला तेथेच म्हातारे व्हायचे आहे त्याने आठवड्याचे ६०० नव्हे, १,२०० धरावेत.

राष्ट्रीय पेन्शन योजनेविषयीही त्यांनी विचारले. १ मे २००९ पासून ती सर्व नागरिकांसाठी खुली आहे. तिच्यातील पैसा शेअर बाजारात आणि रोख्यांत जातो, म्हणून लांब मुदतीत पी.पी.एफ.पेक्षा जास्त वाढू शकतो आणि मधे खालीही जाऊ शकतो. साठीनंतर, रक्कम अगदी लहान नसेल तर, तिचा काही भाग पेन्शन विकत घेण्यातच घालावा लागतो. आमच्या मते पहिले दोन भाग पाच वर्षे न चुकता चालले आणि कमाई वाढली, तर वाढीव पैसा तेथे टाकण्यास हरकत नाही. सुरुवात तेथून करू नये. बाजार एकदा उतरला, की नवशिक्या माणूस घाबरून सर्वच बंद करतो.

हैद्राबादेत चिट्टीचे फार वेड आहे. आपण तिला भिशी म्हणतो. तेथे बसलेल्या पाचांपैकी तिघे चिट्टीत होते, आणि त्यातला एक म्हणत होता की हाच माझा फंड. चिट्टी गाडी घेण्यासाठी, दुकानाचा माल भरण्यासाठी चांगली. पण ती वीस-पंचवीस महिन्यांत संपते आणि रक्कम हातात येते. हातात आलेली रक्कम म्हातारपणापर्यंत पोचत नाही, आणि तीस वर्षांच्या व्याजावर व्याज हे तर तिच्यात नाहीच. शिवाय १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली चिट्टी कोणती आणि गल्लीतल्या ओळखीच्या माणसाची कोणती, हे आधी पाहावे. रजिस्ट्रारकडील नोंदीचा क्रमांक मागितला आणि चालक चिडला, तर तेथे पैसे घालू नयेत.

शेवटी कागदपत्रांचे. दोन्ही खात्यांत वारसाचे नाव पहिल्याच दिवशी लिहावे. अविवाहित असताना आईचे नाव दिलेले असते आणि लग्नानंतर ते बदलायचे राहून जाते. अटल पेन्शनमध्येही लग्नानंतर पत्नीची नोंद करून घ्यावी. पासबुकाची आणि अटल पेन्शनच्या क्रमांकाची एक प्रत गावी घरातील पेटीत ठेवावी. मोटारसायकलवर दिवसभर रस्त्यात असणाऱ्या मुलाचे काही बरेवाईट झाले, तर मोबाईल बंद पडलेला असतो आणि खाते कोठे आहे हे घरी कोणालाच ठाऊक नसते. त्या तरुणाने आमच्यासमोरच वडिलांना फोन लावला आणि पेटीतली त्यांच्या जुन्या फंडाच्या कागदांची पिशवी रिकामी करून ठेवायला सांगितली.